पेस्ट कंट्रोलचा वार्षिक करार: घराचा आकार, सर्व्हिसची संख्या आणि 'फुकट' परतभेटीचा खर्च

तृप्ती_ओ

झुरळांसाठी वर्षभराचा करार करायचा आहे. बारकी, तपकिरी, ओट्याखाली आणि फ्रिजच्या मागे राहणारी झुरळं आहेत. घर साधारण ९०० चौरस फूट, एक स्वयंपाकघर, दोन बाथरूम. तीन ठिकाणांहून दर मागवले. प्रत्यक्ष रकमा गावोगावी वेगळ्या असतात म्हणून इथे देत नाही, त्याऐवजी सगळ्यात स्वस्त दर १०० धरते.

पहिला (अ): वर्षात ३ सर्व्हिस, तक्रार केली की परतभेट फुकट, कितीही वेळा. दर १००.
दुसरा (ब): वर्षात ६ सर्व्हिस, २ परतभेटी फुकट, तिसरीपासून अर्धा दर. एकूण १४०.
तिसरा (क): दर महिन्याला १, म्हणजे १२ सर्व्हिस, गॅरंटी नाही. एकूण १९०.

मागच्या वर्षी एका कंपनीचा 'अ'सारखाच करार होता. तक्रार केल्यावर माणूस आला, फवारणी करून गेला, आणि पुढच्या ठरलेल्या सर्व्हिसच्या वेळी ऑफिसने सांगितलं की ती तर तुम्ही वापरलीत. मग यंदा कोणता घ्यावा? आणि 'कितीही वेळा फुकट' असं कोणी लिहून देतं तेव्हा तो खर्च नक्की कुठून निघतो?

निशिगंध

सरळ भागाकार करा. 'अ'मध्ये एक सर्व्हिस ३३ ला पडते, 'ब'मध्ये २३ ला आणि 'क'मध्ये जेमतेम १६ ला. दर महिन्याला माणूस येणार असेल तर गॅरंटी हवी कशाला? तक्रार करेपर्यंत पुढची सर्व्हिस आलेलीच असते. मी तर 'क' घेईन.

कैवल्य

करारच नको. जेलची ट्यूब आणा, बिजागऱ्यांच्या आत, सिंकखालच्या कोपऱ्यात, फ्रिजच्या मोटरजवळ मसुराएवढे ठिपके लावा. आमच्याकडे तेवढ्यावर भागतं.

सुमेधा_जो

आमच्याकडे वाळवीसाठी ५ वर्षांची गॅरंटी दिली होती, वर्षाची नाही. मग तुम्हाला वर्षाचीच का देताहेत? जास्त वर्षांची मागून घ्या.

माणिकराव

मी या धंद्यात बरीच वर्षं होतो. आधी पाठीवर पंप घेऊन फिरलो, नंतर ऑफिसात बसून करारांचे दर ठरवले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुमेधाताई, वाळवीचं काम वेगळं. तिथे भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत ठराविक अंतरावर भोकं पाडून जमिनीत औषध सोडतात. ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून गॅरंटीही वर्षांची देता येते. दर भिंतीच्या लांबीवर ठरतो. झुरळाची जेल ठिपक्याठिपक्यांत असते, ती खाऊन संपते किंवा सुकते. तिच्यावर ५ वर्षांचा शब्द कोणी देत असेल तर तो पाळला जाणार नाही.

आता तृप्तीताईंचा प्रश्न. दर ठरवताना आमचा ढोबळ हिशेब असा असायचा: एका सर्व्हिसच्या खर्चाचे दहा भाग केले, तर सहा भाग माणूस तुमच्या दारात पोचेपर्यंतच खर्च झालेले असतात. प्रवास, त्याचा पगार, फोन, नोंदी, घर बंद असल्यामुळे वाया गेलेला फेरा, सगळं त्यात आलं. तीन भाग प्रत्यक्ष कामाच्या वेळेचे. औषधाचा वाटा एक भाग. लोक औषधाच्या किमतीवरून घासाघीस करतात, पण किंमत औषधात नसते, येण्यात असते.

म्हणून घर दुप्पट मोठं असलं तरी दर दुप्पट होत नाही. येण्याचे सहा भाग तसेच राहतात, कामाचे तीनाचे पाच होतात, औषधाच्या एकाचे दोन. म्हणजे दहाचे तेरा. दुप्पट घराला तीस टक्के जास्त.

त्याच हिशेबाने निशिगंध यांचा 'क' पाहा. माझ्या अंदाजाने 'अ'वाल्याला गॅरंटीविना एक सर्व्हिस २५ च्या आसपास पडत असणार, त्यातले १५ नुसते येण्याचे. आता १६ मध्ये येणारा माणूस काय करील? येण्याचे १५ वजा केले की कामाला आणि औषधाला मिळून १ उरतो. हे परवडतं ते एकाच इमारतीत एका दुपारी वीस घरं उरकली तरच. मग घरात तो दहा मिनिटं असतो आणि तेवढ्यात फवारणीच होते. ओट्याखालचे कप्पे रिकामे करून, बिजागऱ्या तपासून जेल लावणं दहा मिनिटांत बसत नाही.

निशिगंध

माणिकराव, आमच्या इमारतीत खरंच सगळी घरं एकाच दिवशी होतात. म्हणजे येण्याचा खर्च वाटला जातो, तर दर कमी असूनही काम चांगलं होऊ शकतं की नाही?

माणिकराव

होऊ शकतं. सगळी इमारत एकत्र करणं हे झुरळांसाठी उत्तमच, कारण ती पाइपच्या डक्टमधून एका घरातून दुसऱ्या घरात जातात. तुमच्याकडे 'क' चालण्याचं कारण ते आहे, १२ हा आकडा नाही. एकट्या घराला तोच दर देऊ केला तर वेळ कुठून तरी कापली जाणार. तेव्हा विचारायचं ते हे: प्रत्येक सर्व्हिसला माणूस किती वेळ थांबेल आणि कोणतं काम करील?

दोनमजली

आमचं घर मोठं, सुमारे २४०० चौरस फूट. दर क्षेत्रफळावर लावतात आणि तृप्ती यांच्या 'अ'सारख्या कराराला जवळजवळ अडीच पट मागतात. माणिकरावांच्या हिशेबाने हे जास्तच झालं ना?

माणिकराव

स्वयंपाकघरं किती आणि बाथरूम किती?

दोनमजली

स्वयंपाकघर एकच. बाथरूम चार. वर दोन खोल्या बहुतेक बंदच असतात.

माणिकराव

मग नक्कीच जास्त. ही बारकी झुरळं पाणी, ऊब आणि खरकटं यांच्या जवळ राहतात. बंद खोलीत ना त्यांचं काही असतं ना आमचं. झुरळांसाठी दर स्वयंपाकघर, बाथरूम आणि ड्रेनेजच्या तोंडांवर ठरायला हवा. क्षेत्रफळावरचा दर ऑफिसला सोपा जातो, फोनवरच सांगता येतो, म्हणून तो चालतो. त्यांना प्रत्यक्ष घर पाहून दर द्यायला सांगा. दीडपटीच्या आसपास आला तर ठीक म्हणेन. बागेकडून येणाऱ्या मुंग्या किंवा डास त्यात असतील तर मात्र घराचा बाहेरचा घेर मोजावा लागतो, ते वेगळं.

आर्या२१

आमचा अनुभव ढेकणांचा. 'सर्वसमावेशक' करार होता, फोन केला तर म्हणाले ढेकूण त्यात नाहीत. वेगळे पैसे भरले. पहिल्यांदा फवारून गेले, दोनेक आठवड्यांत पुन्हा सुरू. त्यावर म्हणाले गॅरंटी एकाच सर्व्हिसची होती. कुठल्या किड्यांसाठी करार आहे ते नावानिशी लिहून घ्या, ही कळकळीची विनंती.

माणिकराव

आर्याताई, ढेकणांची अंडी औषधाला सहसा दाद देत नाहीत आणि आठवडा-दीड आठवड्यात फुटतात. दुसरी सर्व्हिस दोन आठवड्यांच्या आत ठरलेलीच असायला हवी होती. ती गॅरंटीचा भाग नव्हेच, तो उपचाराचाच भाग. ती वेगळी विकणं चूक आहे.

प्रशांत_लि

मला मुळात 'गॅरंटी' या प्रकारावरच विश्वास नाही. कितीही वेळा फुकट म्हणजे एकदाही नीट नाही. चांगलं काम करणाऱ्याला परत यायची वेळच येऊ नये. गॅरंटी नसलेला पण अनुभवी माणूस सुट्ट्या दराने बोलवावा, गरज पडली तर पुन्हा बोलवावा. तृप्ती, सुट्टा दर काय आहे तुमच्याकडे?

तृप्ती_ओ

'अ'वाल्यांचा सुट्टा दर त्याच मापात ४५.

आणि सगळ्यांचे आभार. 'अ'च्या कराराचा कागद आज मागवून वाचला. त्यात दोन ओळी अशा आहेत: तक्रार सर्व्हिसच्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत करावी. आणि सर्व्हिसनंतर पहिले १५ दिवस औषधाचा परिणाम होण्यासाठी असल्याने त्या काळातली तक्रार ग्राह्य नाही. 'ब'मध्ये पहिली १५ दिवसांची अट आहे, पण नंतर पुढच्या सर्व्हिसपर्यंत कधीही तक्रार चालते.

केतकी_म

मग 'अ'ची गॅरंटी उरली किती? एका सर्व्हिसमागे १६व्या दिवसापासून ३०व्या दिवसापर्यंत, म्हणजे १५ दिवस. तीन सर्व्हिसचे मिळून ४५. वर्षातले उरलेले ३२० दिवस झुरळ दिसलं तर तुमचं तुम्ही बघा!

माणिकराव

केतकीताईंनी बरोबर पकडलं. 'कितीही वेळा' हे शब्द मोठ्या अक्षरात असतात आणि खिडकी ४५ दिवसांची. त्या खिडकीत कोणी किती वेळा बोलावणार?

खर्च कुठून निघतो ते आता सांगतो. तीन सर्व्हिस २५ ने म्हणजे ७५, आणि १०० मधले उरलेले २५ परतभेटींसाठी राखून ठेवलेले. परतभेटीतही येण्याचे १५ लागतातच, वर थोडं काम आणि औषध मिळून ४. म्हणजे १९. तर २५ मध्ये प्रत्येक घरामागे सरासरी एक परतभेट आणि थोडं वर एवढंच बसतं. त्या परतभेटीचे पैसे तुम्ही आधीच भरलेले असतात. एखाद्या घरी चार वेळा जावं लागलं तर ते बाकीच्या घरांच्या राखीव पैशांतून.

'ब'वाल्याने ६ सर्व्हिस १४० मध्ये कशा बसवल्या? पहिली सर्व्हिस लांबलचक असते, पुढच्या आटोपशीर, म्हणून सरासरी २० ने १२०. उरले २०, म्हणजे एका परतभेटीचे. वारंवार येत असल्याने तक्रारी कमी येतील, हा त्याचा अंदाज, आणि तो चुकीचा नाही.

समजा वर्षात चार वेळा झुरळं पुन्हा दिसली. 'अ'मध्ये त्यातली एक खिडकीत बसली, तीन बाहेर पडल्या. तीन वेळा सुट्ट्या दराने ४५, म्हणजे १३५. एकूण २३५. 'ब'मध्ये दोन फुकट, पुढच्या दोन अर्ध्या दराने. अर्धा दर कराराच्या सर्व्हिसचा धरला तर सुमारे १२, दोन्हींचे २४. एकूण १६४. आणि एकदाही दिसली नाहीत तर 'अ' १०० आणि 'ब' १४०. म्हणजे 'अ' स्वस्त आहे तो ज्याच्याकडे झुरळं जवळपास नाहीतच त्याला. तुमच्याकडे आहेत. फक्त 'ब'वाल्याला विचारा, अर्धा दर कशाचा अर्धा? त्याचा सुट्टा दरही ४५ असेल आणि त्याचा अर्धा लावला तर २४ चे ४५ होतील.

प्रशांत_लि

तरी माझा मुद्दा राहतोच. सुट्ट्या दराने तीनदा बोलावलं तर १३५, 'ब'पेक्षा कमी.

माणिकराव

माणूस नीट निवडलात तर हे चालू शकतं, मी नाही म्हणत नाही. पण सुट्ट्या सर्व्हिसमध्ये दुसऱ्यांदा कधी बोलवायचं ते तुम्हाला ठरवावं लागतं, आणि बहुतेक जण झुरळं भरपूर दिसू लागेपर्यंत थांबतात. या जातीची मादी अंड्यांची पिशवी शेपटाकडे घेऊन फिरते, एका पिशवीत तीस-चाळीस अंडी. अंडी फुटायला चार आठवडे लागतात. पिशवीतल्या अंड्यांपर्यंत औषध पोचत नाही. पहिल्या सर्व्हिसनंतर घर शांत वाटतं, महिन्याभराने बारीक पिल्लं बाहेर पडतात, तोवर जेल सुकलेली असते. पिल्लं मोठी होऊन अंडी घालू लागायला आणखी दोनेक महिने. तुम्ही फोन करता तेव्हा पुढची पिढी तयार असते.

यातच वार्षिक कराराची मोठी चूक आहे. ३ सर्व्हिस म्हणजे दर चार महिन्यांनी एक, ६ म्हणजे दर दोन महिन्यांनी, हे कॅलेंडरच्या सोयीने ठरतं. झुरळं घरात असताना सुरुवातीला सर्व्हिस जवळजवळ हव्यात आणि नंतर विरळ चालतात. पहिली झाली की पंधरा दिवसांनी दुसरी, खाल्लेली आणि सुकलेली जेल बदलायला. त्यानंतर महिन्याने तिसरी, पिल्लांसाठी. उरलेल्या तीन साधारण तीन-तीन महिन्यांनी.

कैवल्य

माणिकराव, म्हणजे मी म्हणतो ते जेलचंच काम ना? मग स्वतः का नाही?

माणिकराव

थोडी असतील तर स्वतः कराच, चांगलंच होतं. दिवसासुद्धा ओट्यावर फिरताना दिसू लागली की संख्या फार वाढलेली असते, तेव्हा सगळ्या जागा शोधून काढणं अवघड जातं. आणि एक सांगतो, जेल लावल्यावर तिथे बाजारातला स्प्रे मारू नका. वासाने झुरळं जेलला तोंड लावत नाहीत.

परतभेटीतली मुख्य गडबड हीच आहे. फुकट जायचं असतं म्हणून ऑफिस माणसाला दोन सर्व्हिसच्या मध्ये कोंबतं. त्याच्याकडे दहा मिनिटं असतात, म्हणून तो फक्त पंप घेऊन येतो आणि आधीच्या माणसाने लावलेल्या जेलवर फवारून जातो. दोन दिवस झुरळं मरून पडतात, ग्राहक खूश, आणि उरलेल्यांसाठी लावलेली जेल वाया. परतभेटीला आलेल्या माणसाच्या हातात जेलची गन नसेल आणि तो स्वयंपाकघरात फवारायला लागला, तर त्याला थांबवा.

तृप्ती_ओ

मागच्या वर्षी अगदी हेच झालं! फवारणीनंतर आठवडाभर बरं, मग पुन्हा.

आर्या२१

पण फवारणी पूर्ण बंद करायची का? ड्रेनेजमधून येणाऱ्या मोठ्या लाल झुरळांना आमच्याकडे फवारणीच करतात.

माणिकराव

त्यांना करतातच. बाथरूमची जाळी, ड्रेनेजचं तोंड, बाहेरचं चेंबर इथे फवारणी ठीक. जिथे जेल आहे तिथे नको, एवढंच.

केतकी_म

तक्रार खरी आहे हे सिद्ध कसं करायचं? आमच्याकडे ऑफिसवाले म्हणतात, 'एखादं तर दिसणारच.'

माणिकराव

चिकट सापळे ठेवा, कागदी मिळतात. सिंकखाली, फ्रिजमागे, गॅसच्या मागे आणि बाथरूमच्या कोपऱ्यात. सर्व्हिसच्या आधी आठवडाभर ठेवा, तारीख घालून फोटो काढा. सर्व्हिसनंतर तीन आठवड्यांनी त्याच जागी नवे ठेवा, पुन्हा आठवडाभर. आकडा फारसा खाली आला नसेल तर वादाला जागा राहत नाही.

सापळ्यात काय सापडलं तेही बघा. लहान-मोठी सगळ्या आकाराची असतील तर वस्ती आत शाबूत आहे, औषध पोचलेलंच नाही. सगळी सारखी बारीक असतील तर अंडी फुटली आहेत, काम बरोबर चाललंय पण दुसरी सर्व्हिस लगेच हवी. एकाच सापळ्यात, डक्टच्या बाजूला, फक्त मोठी सापडत असतील तर ती बाहेरून येताहेत.

पहिल्या १५ दिवसांची अट मात्र मी योग्य मानतो. जेल खाल्लेलं झुरळ भर दिवसा मधोमध येऊन मरतं, त्यामुळे सुरुवातीला उलट जास्त दिसतात. त्याला तक्रार म्हणता येत नाही.

प्रशांत_लि

आणि बाहेरून येणाऱ्यांचं काय? आमच्या करारात 'शेजारून होणारा प्रादुर्भाव गॅरंटीत नाही' असं लिहिलं होतं. दर तक्रारीला तेच वाक्य ऐकवायचे.

माणिकराव

हे वाक्य कंपनीच्या दृष्टीने अगदी खोटं नसतं. शेजारचं घर न करता तुमचं वर्षभर साफ ठेवणं कठीणच. पण ते वाक्य सगळ्या तक्रारींवर फेकता येतं, म्हणून धोकादायक आहे. मी ऑफिसात असताना आम्ही सापळे बघूनच ठरवायचो. सगळ्या कंपन्या तसं करतील असं मला सांगता येत नाही.

सुमेधा_जो

ही अट खोडून द्यायला सांगता येते का?

दोनमजली

आमच्याकडे नाही म्हणाले. पण पाइपभोवतीच्या फटी बुजवून दिल्यात तर अट लागू करणार नाही, असं लिहून दिलं. फटी प्लंबरकडून बुजवून घेतल्या, खर्च फार नाही आला. आणि माणिकराव, घर पाहायला बोलावलं. नवा दर १६० आला, म्हणजे अडीच पटीवरून दीड पटीच्या जवळ.

तृप्ती_ओ

'ब'वाल्यांशी बोलणं झालं. त्यांचा अर्धा दर सुट्ट्या दराचाच अर्धा निघाला. माणिकरावांनी विचारायला सांगितलं नसतं तर कळलंच नसतं. मी मागितलं ते असं: सर्व्हिस ६च, पण पहिल्या तीन दीड महिन्याच्या आत. परतभेट ठरलेल्या सर्व्हिसमधून वजा होणार नाही. परतभेटीला जेल आणतील आणि दर वेळी स्लिपवर औषधाचं नाव, किती वापरलं आणि कुठे लावलं ते लिहितील. तिसऱ्या सर्व्हिसनंतर परतभेटींवर संख्येची मर्यादा नाही.

पहिले तीन मुद्दे त्यांनी मान्य केले. मर्यादा काढायला तयार नाहीत, दोनाच्या चार करतो म्हणाले आणि दर १४० चा १५०.

निशिगंध

१० जास्त देऊन दोन परतभेटी वाढल्या. तुमच्याच हिशेबाने अर्ध्या दराने त्या ४५ ला पडल्या असत्या. घ्या!

माणिकराव

घ्या. पहिल्या तीन सर्व्हिस वेळेवर झाल्या तर चार परतभेटी लागायच्या नाहीत, आणि हे त्यालाही माहीत आहे, म्हणून १० मध्येच देतोय. तारखा मात्र आजच करारावर लिहून घ्या. 'दीड महिन्याच्या आत' एवढंच लिहिलं तर तिसरी सर्व्हिस पुढे ढकलली जाते, आणि नेमकी तीच चुकवून चालत नाही.

तृप्ती_ओ

तारखांसकट करार झाला. सापळे आज रात्री लावतेय. शेजारच्या घरात सध्या कोणी राहत नाही आणि डक्ट दोघांचा एकच आहे. मालकांना फोन करून त्यांचंही स्वयंपाकघर त्याच दिवशी करून घ्यायला सांगणार आहे. कंपनीला तो फेरा वेगळा पडणार नाही, तर त्यांना दर कमी मिळायला हवा. किती कमी मागावा?

माणिकराव

येण्याचे सहा भाग दोन घरांत वाटले की दहाचे सात होतात. तीस टक्के मागा, वीसला तयार झाले तर हो म्हणा. रिकामं घर असेल तर कप्पे उघडे मिळतात, वेळही कमी लागतो. फक्त पाणी बंद असलेल्या घरात सिंकचा आणि नाहणीचा ट्रॅप कोरडा पडतो आणि ड्रेनेजची झुरळं तिथूनच वर येतात. मालकांना आधी ते भरून घ्यायला सांगा.